‘फासपॉत हाय’: थायलंडच्या पोलीस ठाण्यात काय म्हणायचं

*‘दादा, मी आणि आई डिसेंबरात आठ दिवस थायलंडला चाललोय, फक्त दोघीच, टूरबरोबर नाही. आईला एकच धास्ती आहे, पासपोर्ट हरवला तर तिथल्या पोलिसांना सांगणार कसं? आम्हाला थाईचा एक शब्द येत नाही आणि इंग्रजीही बेताचंच. पाठ करता येतील अशी चार वाक्यं आणि नेमकं काय-काय करायचं ते सांगाल का?’ — एक वाचक, कोल्हापूर*

ताई, वाक्यांच्या आधी उच्चारांचं सांगतो, कारण त्यात आपण मराठी माणसं इतरांच्या पुढे आहोत. थाई शब्द बहुतेक ठिकाणी रोमन अक्षरांत छापलेले असतात आणि ते इंग्रजी वळणाने वाचले की समोरच्याला कळत नाहीत. थाईमध्ये क आणि ख, त आणि थ, प आणि फ, च आणि छ हे आपल्यासारखेच वेगवेगळे आहेत. रोमनमध्ये ‘th’ दिसलं की तो आपला थ, ‘kh’ म्हणजे ख, ‘ph’ म्हणजे फ. हा फ मात्र ‘फळ’ म्हणताना ओठ मिटून येतो तो, ‘फॅन’मधला दातांवरचा नाही. म्हणून मी खाली सगळं देवनागरीत लिहिलंय. लिहिलंय तसंच वाचलंत तर बरंच जवळ जाल. थाईत शब्दाचा सूर वर-खाली झाला की अर्थ बदलतो, तो लिहून दाखवणं अवघड आहे. पण पोलीस ठाण्यात तुम्ही कशासाठी आला आहात हे समोरच्याला दिसत असतं, त्यामुळे सूर थोडा चुकला तरी चालून जातं.

प्रत्येक वाक्याच्या शेवटी नम्रतेचा एक शब्द लागतो. बाई बोलत असेल तर ‘खा’, पुरुष बोलत असेल तर ‘ख्रप’. बोलणारा कोण आहे त्यावर हे ठरतं, समोर कोण आहे त्यावर नाही. तुम्ही दोघींनी नेहमी ‘खा’च म्हणायचं.

आता मुख्य वाक्य. आईंकडून एवढं एक घोटून घ्या:

छन थम फासपॉत हाय, खा. (माझा पासपोर्ट हरवलाय.)

‘छन’ म्हणजे मी, बाईने म्हणायचं. ‘हाय’ म्हणजे नाहीसा होणं. ते म्हणताना आवाज शेवटी वर न्या, आपण ‘होय?’ असं विचारतो तसा. घाबरून बाकी सगळं विसरलात तरी नुसतं ‘फासपॉत हाय’ म्हटलं की कुठल्याही थाई माणसाला कळतं.

दुसरं वाक्य ठाण्याच्या दारात:

मा चॅंग ख्वाम, खा. (तक्रार नोंदवायला आलेय.)

‘चॅंग ख्वाम’ म्हणजे पोलिसांत खबर देणं. यातला च आपल्या ‘चहा’तला, ‘चमचा’तला नाही. आणि तुम्हाला जो कागद हातात घेऊन बाहेर पडायचंय तो ‘बै चॅंग ख्वाम’. ‘बै’ म्हणजे पान, कागद. तो मागायचा तर ‘खॉ बै चॅंग ख्वाम, खा’. ‘खॉ’ म्हणजे ‘द्या ना, मिळेल का’. हा एक शब्द तिथे पावलोपावली उपयोगी पडतो.

मी बारा वर्षं छोटे गट घेऊन थायलंडला जातोय. त्यातला एकच प्रसंग सविस्तर सांगतो, म्हणजे कुठल्या पायरीला काय अडतं ते दिसेल.

शनिवारची दुपार, बँकॉकचा चतुचक बाजार. हा मोठा बाजार मुख्यतः शनिवार-रविवारी भरतो. आमच्या गटातल्या एक काकू तिथून टॅक्सीने हॉटेलवर आल्या आणि पर्स उघडून बसल्या तर पासपोर्ट नाही. पहिला तासभर आम्ही शोधण्यात घातला आणि तो घालवायलाच हवा. खोली, तिजोरी, बॅगांचे कप्पे, हॉटेलचा काउंटर, सगळं पाहिलं. एवढी घाई का करायची नाही, ते सांगतो. पासपोर्ट हरवल्याची नोंद दूतावासात झाली की तो रद्द होतो. मग तासाभराने उशीखाली सापडला तरी त्याचा उपयोग नाही.

पासपोर्ट सापडला नाही तेव्हा हॉटेलच्या काउंटरवर दोन गोष्टी मागितल्या. पहिली, पासपोर्टची प्रत. काकूंच्या मोबाइलमध्ये फोटो नव्हता. पण थायलंडमध्ये परदेशी पाहुणा उतरला की हॉटेलला चोवीस तासांत इमिग्रेशनला कळवावं लागतं, म्हणून ते आल्या आल्या पासपोर्टची प्रत काढून घेतात. ती तिथे असतेच. ‘खॉ सम्नाओ फासपॉत, खा’ म्हणजे पासपोर्टची प्रत द्या. दुसरी मदत म्हणजे काउंटरवरच्या मुलीकडून एका कागदावर थाईत चार ओळी लिहून घेतल्या. ही बाई भारतीय आहे, पासपोर्ट आज दुपारी बाजारात किंवा टॅक्सीत हरवला, नोंदीचा कागद हवा आहे, दूतावासात द्यायचा आहे. असा कागद तुम्ही जरूर घ्या. तोंडाने दोन वाक्यं बोलून पुढे कागद सरकवला की निम्मं काम झालं.

मग फोन. थायलंडमध्ये पर्यटकांसाठी वेगळे पोलीस आहेत, ‘तम्रुआत थॉंग-थियाओ’. त्यांचा नंबर ११५५, चोवीस तास चालतो आणि इंग्रजी बोलणारं माणूस मिळतं. नेहमीच्या पोलिसांचा नंबर १९१ आहे, पण तुमच्या कामाला ११५५च बरा. त्यांना विचारा की आम्ही अमुक ठिकाणी आहोत, नोंद कुठल्या ठाण्यात करायची. ठाण्यात भाषा अडली तरी हाच नंबर लावून फोन अंमलदाराच्या हातात द्यायचा. आम्ही तसंच केलं. जायला टॅक्सीवाल्याला म्हणायचं ‘पै सथानी तम्रुआत’, पोलीस ठाण्यात चला. ‘सथानी’त आपलं ‘स्थान’ आहे, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

ठाण्यात एक तरुण अंमलदार बसला होता. काकूंनी हात जोडून नमस्कार केला. तिथेही हात जोडूनच नमस्कार करतात. मग त्या म्हणाल्या, ‘खॉ थोत खा, छन थम फासपॉत हाय.’ खॉ थोत म्हणजे माफ करा. तो हसला, खुर्ची दाखवली आणि प्रश्न सुरू झाले. तुम्हालाही साधारण हेच प्रश्न येतील, म्हणून ऐकायचे शब्दही ओळखीचे करून घ्या. बोलण्यापेक्षा ऐकण्यातच माणूस जास्त गडबडतो.

‘छू अरै?’ म्हणजे नाव काय. ‘नाम सकुन?’ म्हणजे आडनाव. ‘नाम’ आपलंच आहे, पण ते ऐकून लोक आपलं पहिलं नाव सांगून मोकळे होतात. तिथे नाम-सकुन म्हणजे आडनावच. ‘हाय थी नै?’ म्हणजे कुठे हरवला. उत्तर जसं असेल तसं: ‘थी तलात’ बाजारात, ‘नै थॅक्सी’ टॅक्सीत, ‘थी रोंग-रॅम’ हॉटेलवर, ‘थी सनाम-बिन’ विमानतळावर. नक्की ठाऊक नसेल तर ‘मै नॅ चै, खा’, खात्री नाही. हे बिनधास्त म्हणा. जागा ठाऊक नसली तरी नोंद होते. उगाच ठोकून दिलेली जागा मात्र पुढच्या प्रश्नांत अडकवते.

‘मुआ रै?’ म्हणजे केव्हा. आज म्हणजे ‘वन नी’, काल म्हणजे ‘मुआ वान’, आणि काल रात्री म्हणजे ‘मुआ खून’. तो शेवटचा शब्द पोलीस ठाण्यात ऐकून दचकू नका, ‘खून’ म्हणजे तिथे रात्र. त्यातला ऊ ओठ गोल न करता, पसरून म्हणायचा असतो.

मग तो विचारेल, हरवला की चोरीला गेला? चोरीला गेला म्हणजे ‘थूक खमोय’. इथे जे घडलं तेच सांगा. पर्स कोणी ओढली, खिसा कापलेला दिसला, तर थूक खमोय. तसं काही पाहिलं नसेल तर ‘हाय’. काही लोकांना वाटतं चोरी म्हटलं की काम लवकर होईल किंवा विमा सहज मिळेल. होतं उलटंच. हरवल्याची खबर ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीत चढते आणि तिचा उतारा शिक्का मारून मिळतो. चोरी म्हटलं की तो गुन्हा झाला. कुठल्या ठाण्याची हद्द, कोणावर संशय, काय-काय गेलं, हे सगळं सुरू होतं. आणि खोटी फिर्याद देणं हा तिथेही गुन्हाच आहे.

मध्ये अडलात तर तीन वाक्यं पुरतात. ‘मै खाओ चै, खा’ म्हणजे कळलं नाही. ‘फूत छा-छा नॉय, खा’ म्हणजे जरा सावकाश बोला. आणि ‘मी ख्रै फूत फासा अंक्रित दाय मै, खा?’ म्हणजे इंग्रजी बोलणारं कोणी आहे का. यातला ‘फासा’ म्हणजे आपली भाषा, तोच संस्कृत शब्द. शेवटच्या ‘मै’चा सूर वर जातो, तो प्रश्नाचा ‘मै’. ‘मै खाओ चै’मधला ‘मै’ खाली आपटतो, तो नकाराचा. सुराचा एवढा एक फरक तरी सांभाळा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कागद तयार झाला की उठू नका, तिथेच बसून तपासा. आमची खरी अडचण इथेच झाली. आपलं नाव तीन जोडांचं असतं. स्वतःचं, नवऱ्याचं किंवा वडिलांचं आणि आडनाव. भारतीय पासपोर्टवर पहिली दोन एका ओळीत असतात आणि आडनाव वेगळ्या ओळीत. थाई माणसांची नावं दोन जोडांची. अंमलदाराने काकूंचं नाव घेतलं, काकांचं नाव आडनाव म्हणून लिहिलं आणि खरं आडनाव गाळलंच. शिवाय पासपोर्टच्या क्रमांकातला एक आकडा चुकला होता. कागद सगळा थाईत, त्यामुळे नाव चुकलंय हे आम्हाला कळलं नसतंच. क्रमांक तेवढा वाचता येत होता, तो हॉटेलच्या प्रतीशी ताडून पाहिला तेव्हा चूक दिसली आणि मग नावाचंही विचारलं. त्याला म्हटलं,

छुआय खियन छू पेन फासा अंक्रित, खा. (नाव इंग्रजीत लिहा ना.)

आणि पासपोर्टची प्रत समोर धरली. त्याने काही कुरकुर न करता पुन्हा लिहिलं. हा कागद पुढे दूतावासात आणि इमिग्रेशनमध्ये दोन्हीकडे दाखवायचा असतो. चुकीचा क्रमांक घेऊन गेलात तर परत ठाण्यात यावं लागतं आणि बँकॉकच्या रहदारीत अख्खा दिवस जातो.

कागदावर तारीख पाहताना मात्र घाबरू नका. तिथे बुद्ध संवत् चालतो, आपल्या इसवी सनात ५४३ मिळवायचे. २०२६ म्हणजे तिथे २५६९. ती चूक नाही, दुरुस्त करायला सांगू नका. शेवटी सही आणि शिक्का आहे ना ते बघा. शिक्का राहिला असेल तर ‘प्रथप त्रा दुआय, खा’, शिक्काही मारा. मूळ कागद जपून ठेवा, तिथल्या तिथे मोबाइलवर फोटो काढा आणि दोन-तीन झेरॉक्स काढून घ्या. निघताना ‘खॉप खुन खा’, आभार.

यानंतर थाई बोलायची वेळ कमी येते. आपला दूतावास बँकॉकमध्ये सुखुमवित रस्त्याच्या २३ क्रमांकाच्या गल्लीत आहे. टॅक्सीवाल्याला ‘पै सथान-थूत इन्दिया’ म्हणा. सथान-थूत म्हणजे स्थान आणि दूत, अर्थ सांगायलाच नको. तुम्ही उत्तरेकडे चियांग माईत असाल तर तिथे आपलं वाणिज्य दूतावासही आहे. शनिवार-रविवारी, शिवाय भारतीय आणि थाई सणांनाही कचेरी बंद असते, तेव्हा आधी दूतावासाच्या संकेतस्थळावर वेळ आणि तातडीचा फोन बघून घ्या. आमचा शनिवार होता, त्यामुळे रविवार नुसता बसून काढावा लागला. गट रविवारी रात्रीच्या विमानाने गेला, मी काकूंबरोबर थांबलो.

दूतावासात दोन गोष्टी मिळू शकतात, नवा पासपोर्ट किंवा इमर्जन्सी सर्टिफिकेट. आठ दिवसांच्या सहलीला आलेल्या माणसाने दुसरंच मागावं. नव्या पासपोर्टला वेळ लागतो. इमर्जन्सी सर्टिफिकेट म्हणजे फक्त भारतात परतण्यापुरतं, एकाच प्रवासाचं कागदपत्र. त्यावर दुसऱ्या कुठल्या देशात जाता येत नाही. म्हणून परतीचं तिकीट सिंगापूर किंवा क्वालालंपूरमार्गे असेल तर ते बदलून थेट भारताचं विमान घ्या. लागतं काय? पोलिसांचा कागद, पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची प्रत, आधारसारखं भारतीय ओळखपत्र, पांढऱ्या पार्श्वभूमीचे फोटो, परतीचं तिकीट, अर्ज आणि फी. जुन्या पासपोर्टची प्रत हाती असली की तुम्ही कोण हे पडताळणं सोपं जातं. नसली तर चौकशी भारतापर्यंत जाते आणि दिवस वाढतात. काकूंकडे हॉटेलची प्रत होती, सोमवारी अर्ज दिला आणि मंगळवारी सर्टिफिकेट हातात पडलं. तुम्हाला एवढ्यातच मिळेल असं धरून तिकीट काढू नका, हातात पडल्यावरच काढा.

इथे बरेच जण थेट विमानतळ गाठतात आणि अडकतात. तुमच्या हरवलेल्या पासपोर्टवर थायलंडमध्ये आल्याचा शिक्का होता. नव्या कागदावर तो नाही. म्हणजे कागदावरून तुम्ही देशात आलातच नाही, मग बाहेर कसे जाणार? त्यासाठी इमिग्रेशनच्या कचेरीत जाऊन, संगणकातली तुमची नोंद शोधून, ती नव्या कागदावर घ्यावी लागते. बँकॉकमध्ये ही कचेरी शहराच्या उत्तरेला चॅंग वत्थना इथल्या सरकारी संकुलात आहे. थाई लोक इमिग्रेशनला थोडक्यात ‘तॉ मॉ’ म्हणतात, टॅक्सीवाल्याला ‘पै तॉ मॉ चॅंग वत्थना’ म्हटलं की पुरतं. तिथे पोलिसांचा कागद, जुन्या पासपोर्टची प्रत, नवं सर्टिफिकेट आणि येतानाच्या विमानाचा तपशील लागतो. मे २०२५पासून थायलंडला जाण्याआधी ऑनलाइन आगमन-अर्ज भरावा लागतो, त्याची पोचही जपून ठेवा, आल्याची तारीख त्यावर असते. सकाळी लवकर जा, दुपारी जेवणाची सुट्टी असते. आणि राहण्याची मुदत मोजत राहा. पासपोर्ट हरवला म्हणून ती थांबत नाही. उलटली तर दिवसाला ५०० बाट दंड पडतो, जास्तीत जास्त २०,००० पर्यंत. तुमच्या आठ दिवसांत तो प्रश्न येऊ नये.

बुधवारी सकाळी काकूंची नोंद झाली आणि रात्री आम्ही मुंबईच्या थेट विमानात बसलो.

निघण्याआधी तुम्ही दोघींनी एवढं करा. एकमेकींच्या पासपोर्टचे फोटो एकमेकींच्या मोबाइलमध्ये ठेवा, नुसते आपापल्या नको, कारण पर्स जाते तेव्हा पासपोर्ट आणि मोबाइल बरोबरच जातात. कागदी प्रत आणि दोन-दोन फोटो मोठ्या बॅगेत टाका. वरची ठळक वाक्यं एका कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहून आईंच्या हाती द्या आणि रोज संध्याकाळी चहाच्या वेळी तुम्ही अंमलदार व्हा. ‘हाय थी नै?’ विचारा आणि त्यांना ‘नै थॅक्सी, खा’ म्हणू द्या. आठवड्याभरात जीभ वळेल.

परत आल्यावर नव्या पासपोर्टसाठी अर्ज करताना तो थाई कागद पुन्हा लागतो, तेव्हा फेकू नका. काकूंचा पासपोर्ट तीन आठवड्यांनी त्यांच्याच बॅगेच्या फाटक्या अस्तरात सापडला. तोवर तो रद्द झालेला होता. त्यांनी तो पासपोर्ट सेवा केंद्रात अर्जाबरोबर जमा केला.